चार गोळे आणि फूरिएचे बाण

टेबलावर तांब्याचे चार सारखे गोळे गोलाकार मांडलेत असं समजा. त्यांची नावं क, ख, ग, घ. घनंतर पुन्हा क येतो, म्हणजे या रांगेला टोकच नाही. क गोळा खोलीपेक्षा ८ अंशांनी गरम आहे आणि बाकीचे तिघे खोलीइतकेच, म्हणजे ०. आता उष्णता शेजाऱ्यांकडे पसरणार. कशी?

हा खेळ मी शोधलेला नाही बरं का. फ्रान्समध्ये ग्रनोबल नावाचं शहर आहे. दोनशे वर्षांपूर्वी तिथे जोसेफ फूरिए नावाचे अधिकारी होते. जिल्ह्याचा कारभार बघता बघता ते उष्णतेचं गणित करायचे. वर्तुळात ठेवलेल्या सुट्या वस्तू एकमेकींना उष्णता कशी देतात, हा प्रश्न त्यांनी सोडवला. १८२२ साली छापलेल्या त्यांच्या पुस्तकात तो आहे.

आपण नियम सोपा ठेवू. दर फेरीला प्रत्येक गोळ्याचं नवं तापमान म्हणजे स्वतःचं अर्धं, अधिक दोन्ही शेजाऱ्यांचं पाव-पाव. कचे ८ होते, त्याचे ४ झाले. ख आणि घला २-२ मिळाले. समोरच्या गला पहिल्या फेरीत काहीच नाही. म्हणजे ८, ०, ०, ० चं झालं ४, २, ०, २.

हाच नियम चौकटीत मांडला तर असा दिसतो (प्रत्येक आकड्याला ४ ने भागायचं):

```
२ १ ० १
१ २ १ ०
० १ २ १
१ ० १ २
```

ओळी नीट बघा. वरचीच ओळ एक घर उजवीकडे सरकते, आणि शेवटचा आकडा फिरून पहिल्या जागी येतो. अशा चौकटीला सर्क्युलंट मॅट्रिक्स म्हणतात. नियम सगळ्यांना सारखा आणि बैठक गोल असली की चौकट अशीच बनते.

आता सांगा, दहा फेऱ्यांनंतर काय होईल? एकेक फेरी करत बसलात तर कंटाळून जाल. फूरिएंची युक्ती वेगळी होती. काही मांडण्या अशा असतात की नियम लावला तरी त्यांचा आकार बदलत नाही, त्या फक्त लहान होतात. १, १, १, १ घ्या. सगळे सारखेच गरम, तर कोण कोणाला देणार? ती तशीच राहते, तिचा गुणक १. आता १, ०, −१, ० घ्या. (−१ म्हणजे खोलीपेक्षा एक अंश गार.) कचं अर्धं उरतं आणि शेजारी शून्य, म्हणून १/२. खच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला −१, म्हणून ०. मांडणी तीच, फक्त निम्मी. गुणक १/२. शेवटी १, −१, १, −१ घ्या. कचं अर्धं, उणे पाव, उणे पाव, म्हणजे शून्य! ही मांडणी एका फेरीत पुसली जाते.

आपली ८, ०, ०, ० या तिघींपासूनच बनते. पहिली दोनदा, दुसरी चारदा, तिसरी दोनदा घ्या आणि बेरीज करून बघा. मग दहा फेऱ्यांचं काय? पहिली तशीच, तिसरी गायब, आणि दुसरी दहा वेळा निम्मी, म्हणजे ४ भागिले १०२४. कवर २ पेक्षा केसभर जास्त, गवर केसभर कमी, ख आणि घवर बरोबर २. झालं!

पण नियम एकतर्फी असला तर? समजा, प्रत्येकाने फक्त डावीकडच्याचं तापमान घ्यायचं. मग १, ०, −१, ० चं ०, १, ०, −१ होतं, आणि हा काही पहिलीचा लहान अवतार नाही. माझ्या मते सगळ्यात देखणी गोष्ट इथेच आहे. आकड्यांऐवजी प्रत्येक जागी एक बाण ठेवा. कचा वर, खचा उजवीकडे, गचा खाली, घचा डावीकडे. आता प्रत्येकाने डावीकडच्याचा बाण घ्यायचा. नवी मांडणी होते डावा, वर, उजवा, खाली. म्हणजे प्रत्येक बाण आपल्या जागी पाव वळण मागे फिरला! एक जागा सरकणं आणि पाव वळण फिरणं या मांडणीसाठी एकच. याच फूरिएच्या मांडण्या. दर जागेला शून्य, पाव, अर्धं किंवा पाऊण वळण घ्या, की चार गोळ्यांच्या चार मांडण्या तयार. (मघाची १, ०, −१, ० म्हणजे याच बाणांचं फक्त वर-खालीचं माप.)

आणि गोल बैठकीतला असा कोणताही नियम म्हणजे काय? थोडं स्वतःचं, थोडं एक घर सरकवून, थोडं दोन घरं, थोडं तीन घरं सरकवून. सरकवणं म्हणजे फिरवणंच असेल, तर सगळा नियमच बाणांना फिरवून लहान-मोठं करतो, दुसरं काही नाही. म्हणून सर्क्युलंट मॅट्रिक्स कोणतंही असो, मांडण्या त्याच राहतात. बदलतात फक्त गुणक. या मांडण्यांच्या भाषेत लिहिलं की मॅट्रिक्समध्ये कर्णावरचे आकडे तेवढे उरतात, बाकी सगळीकडे शून्य.

आता आवाजाकडे वळू. मोठ्या रिकाम्या सभागृहात फुगा फोडून रेकॉर्ड करा. आधी फट्, मग प्रतिध्वनींची शेपटी. तुमच्या गाण्याचा प्रत्येक क्षण तिथे अशीच शेपटी सोडतो, आणि सगळ्या शेपट्यांची बेरीज कानावर पडते. या बेरजेला कॉन्व्हॉल्यूशन म्हणतात. आपल्या गोळ्यांचंही हेच होतं. तिथली शेपटी अर्धं, पाव, शून्य, पाव अशी होती.

सीडीवर एका चॅनलमध्ये एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० आकडे असतात. तेवढ्याच लांबीची शेपटी प्रत्येकाला लावायची तर १९४ कोटींहून जास्त गुणाकार होतात. त्यापेक्षा आवाज आणि शेपटी दोघांना फूरिएच्या मांडण्यांत फोडा, गुणकाला गुणक लावा, परत जोडा. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी झटपट फोडण्याची रीत छापली, आणि ती वापरली तर हे काम साधारण दीड कोटी गुणाकारांत होतं. तशीच रीत गाउस यांच्या वहीत १८०५ च्या सुमाराला आली होती, फक्त ती त्यांच्या हयातीत छापली गेली नाही.

यात दोन खड्डे आहेत. गाणं काही गोल नसतं, पण ही रीत त्याला गोल समजते. म्हणून शेवटच्या सुराची शेपटी वळसा घालून सुरुवातीला येऊन पडते. गाणं सुरू होण्याआधीच प्रतिध्वनी ऐकू आला तर समजा, हीच चूक झाली. उपाय असा, की गाण्यापुढे शेपटी मावेल इतकी शून्यं आधीच जोडायची.

दुसरा खड्डा शून्य गुणकाचा. ५, ३, ५, ३ ला आपला नियम लावा, ४, ४, ४, ४ येतात. ४, ४, ४, ४ ला लावा, तेच येतात. मग उत्तरावरून मूळ मांडणी कशी ओळखणार? नाहीच ओळखता येत. शून्याने जे पुसलं ते परत आणता येत नाही. धूसर फोटो पुन्हा स्पष्ट करताना हीच अडचण येते.

आता तुम्ही नियम बदला. स्वतःचं एक तृतीयांश, दोन्ही शेजाऱ्यांचं एक-एक तृतीयांश. तिन्ही मांडण्यांचे गुणक काढा. १, −१, १, −१ चा गुणक उणे एक तृतीयांश आला, तर तुमचं गणित बरोबर आहे. या नियमात एकही गुणक शून्य नाही, म्हणून इथे उत्तरावरून मूळ तापमान काढता येतं.