यंत्राच्या बदल्यात शेअर

यंत्र विकणाऱ्याला रोख पैशांऐवजी कंपनीने स्वतःचे शेअर दिले, तर ते यंत्र हिशेबात कितीला धरायचे? भारतीय लेखा मानक १०२ नुसार मोजमापाची सुरुवात यंत्रापासून होते. ते ताब्यात येण्याच्या दिवशी त्याचे जे वाजवी मूल्य असेल, तीच रक्कम धरतात. ते खात्रीने ठरवता येत नसेल, तरच दिलेल्या शेअरचे मूल्य पाहायचे.

समजा, यंत्राचे वाजवी मूल्य २४ लाख रुपये आहे आणि त्यासाठी १० रुपये दर्शनी किमतीचे २०,००० शेअर दिले. यंत्राच्या खात्यावर २४ लाख नावे पडतात. २ लाख भागभांडवलात आणि उरलेले २२ लाख शेअर अधिमूल्य खात्यात जमा होतात. रोख हललीच नाही, म्हणून रोख प्रवाह पत्रकात हा व्यवहार येत नाही. त्याची माहिती वेगळी द्यावी लागते.

खरा धोका इथेच आहे. पैसे द्यायचे नसले की फुगवलेले बिलही सहज मान्य होते. २४ लाखांचे यंत्र ३० लाखांना दाखवले, तर मालमत्ता आणि भांडवल दोन्ही सारखेच फुगतात, ताळेबंद मात्र बिनचूक जुळतो. पुढे घसाराही जास्त पडतो. त्याच यंत्राचे रोखीचे दरपत्रक शेजारी ठेवले की फुगवटा दिसतो.