बँड चार्ज होत नाही? आधी पाठ पुसा

फिटनेस बँड चार्जरला लावला तरी पडदा काळाच राहतो. बोटाने दाबून धरला की चार्जिंगचं चिन्ह दिसतं, बोट काढलं की जातं. बॅटरी संपली असं समजून लोक नवा बँड घेतात. पण दाबल्यावर चार्ज होतोय म्हणजे बॅटरी वीज घेते आहे. चार्जरच्या पिना आणि बँडच्या पाठीवरच्या धातूच्या टिकल्या एकमेकींना नीट टेकत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

या टिकल्या दिवसभर मनगटाला चिकटून असतात. घामातलं मीठ, त्वचेचं तेल आणि क्रीम यांचा पातळ थर त्यांच्यावर बसतो. घामाने ओला बँड तसाच चार्जरला लावला, तर वीज त्या खारट ओलाव्यातून वाहते आणि धातू झिजू लागतो. टिकलीवर हिरवट किंवा काळपट डाग दिसतो तो यामुळेच. म्हणून व्यायामानंतर बँड पुसून, पूर्ण कोरडा करूनच चार्जिंगला लावावा.

साफ करताना आधी चार्जर प्लगमधून काढा. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टिकल्या आणि पिना दोन्ही पुसा. हट्टी मळ लाकडी टूथपिकने हलकेच सोडवा. सुरी किंवा सँडपेपर नको. वरचा पातळ मुलामा निघाला की गंज आणखी लवकर चढतो. बऱ्याच चार्जरच्या पिना स्प्रिंगवर असतात. प्रत्येक पिन टूथपिकने दाबून पाहा. एखादी खालीच अडकून राहिली, तर दोष तिथेच आहे.

एवढ्यानेही जमलं नाही तर केबल तपासा. बँड लावलेला ठेवून प्लगजवळ आणि पिनांच्या डबीजवळ वायर हळू वाकवा. चिन्ह लुकलुकलं तर आतली तार तुटत आली आहे. वरून टेप गुंडाळून ती जोडली जात नाही. त्याच मॉडेलची नवी केबल घ्या.

आता राहिला अडॅप्टर. त्यावर बारीक अक्षरांत 'आउटपुट' लिहिलेलं असतं. त्यात ५ व्होल्ट हा आकडा हवा. अँपिअरचा आकडा मोठा असला तरी बिघडत नाही, कारण बँड लागेल तेवढाच प्रवाह ओढतो. खात्रीसाठी अडॅप्टर आणि केबल यांच्यामध्ये छोटा यूएसबी मीटर लावा. समजा, बँडची बॅटरी १२५ मिलीअँपिअर-तासांची आहे आणि ती साधारण दोन तासांत भरते. मग मीटरवर ०.०६ ते ०.०७ अँपिअरच्या आसपास आकडा यायला हवा. मीटर ५ व्होल्ट दाखवतो पण अँपिअर शून्य, तर अडॅप्टर ठीक आहे. अडचण पुढे केबलमध्ये, पिनांत किंवा बँडमध्ये आहे. बँड लावताच व्होल्ट साडेचारच्याही खाली घसरले, तर दुसऱ्या अडॅप्टरवर लावून पाहा. पॉवर बँकेवर मात्र ही तपासणी करू नका. इतका कमी प्रवाह पाहून काही पॉवर बँका काम झालं असं मानतात आणि आपोआप बंद पडतात.

बँड बरेच महिने कपाटात पडून असेल, तर अर्धा-पाऊण तास चार्जरवर ठेवल्यावरच पडदा उजळू शकतो. मात्र पडदा वर उचलला गेला असेल किंवा पाठ फुगली असेल, तर बँड लगेच चार्जरवरून काढा आणि पुन्हा लावू नका.