अहवालातला आकडा आणि बांधावरची गोणी

माती परीक्षणाचा अहवाल हातात येतो तेव्हा त्यावर ‘उपलब्ध नत्र 210, स्फुरद 18, पालाश 290 किलो प्रति हेक्टर’ असं काहीतरी छापलेलं असतं. खाली गव्हासाठी शिफारस असते, 120:60:40. शेतकऱ्याला मात्र एवढंच हवं असतं की कोणत्या खताच्या किती गोण्या आणायच्या आणि त्या कधी टाकायच्या.

पहिला घोटाळा इथेच होतो. जमिनीत 210 किलो नत्र आहे आणि पिकाला 120 लागतं, मग युरिया कशाला? पण 210 हा प्रयोगशाळेतल्या कसोटीचा आकडा आहे. तो शिफारशीतून वजा करायचा नसतो. त्यावरून जमिनीची प्रत फक्त ठरते. 210 म्हणजे नत्र कमी, 18 म्हणजे स्फुरद मध्यम आणि 290 म्हणजे पालाश भरपूर. जे कमी असेल ते शिफारशीपेक्षा पाव हिश्शाने वाढवायचं, जे भरपूर असेल ते पाव हिश्शाने घटवायचं आणि मध्यम असेल तर आहे तेवढंच ठेवायचं.

दुसरा घोटाळा हेक्टरचा. शिफारस हेक्टरची असते आणि आपला हिशेब एकराचा. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर. म्हणून एकरी 48:24:16 होतं. त्यात नत्र वाढवून 60 आणि पालाश घटवून 12 किलो धरायचं, स्फुरद 24 किलोच राहील.

तिसरा घोटाळा म्हणजे 60 किलो नत्र म्हणजे 60 किलो युरिया असं समजणं. युरियाच्या 100 किलोत नत्र 46 किलोच असतं. डीएपीत स्फुरद 46 टक्के आणि सोबत नत्र 18 टक्के असतं. म्हणून आधी डीएपीचा हिशेब करायचा. त्याच्या 50 किलोच्या एका गोणीतून 23 किलो स्फुरद मिळतं. एक किलो कमी पडलं तरी चालतं. त्याच गोणीतून 9 किलो नत्रही येतं. हे 9 किलो वजा केले नाहीत, तर जवळपास 20 किलो युरिया फुकट जातो. उरलेल्या 51 किलो नत्रासाठी युरियाच्या 45 किलोच्या अडीच गोण्या पुरतात. पोटॅशमध्ये पालाश 60 टक्के असतं, म्हणून ते 20 किलो पुरे.

हे सगळं मराठीत दोन ओळींत मावतं:

‘पेरताना एकरी एक गोणी डीएपी, एक गोणी युरिया, 20 किलो पोटॅश.
एकविसाव्या दिवशी, पहिल्या पाण्याच्या वेळी, दीड गोणी युरिया.’

अर्थात नमुनाच झाडाखालचा, बांधाजवळचा किंवा उकिरड्याच्या जागेचा असेल, तर या दोन ओळीही चुकीच्याच ठरतील. पीक बदललं की हिशेबही नव्याने करावा लागतो. अहवाल देणाऱ्याने त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अशा दोन ओळी लिहून द्याव्यात. नसतील दिल्या, तर शेतकऱ्याने त्या मागून घ्याव्यात.