बाळाचा पहिला घास : वाटीतला आणि डब्यातला

उष्टावणाचा मान मामाचा. म्हणून गेल्या वैशाखात धाकट्या बहिणीच्या मुलाला सहा महिने पुरे झाले, तेव्हा कॉलेजातून दोन दिवसांची रजा काढून मी नाशिकला गेलो. पाट मांडला होता, चांदीच्या वाटीत खीर होती आणि शेजारी मधाची बाटली. बहिणीच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सारे माई म्हणतो, मला म्हणाल्या, "मामा, आधी अंगठी मधात बुडवून चाटवा, मग खिरीचे बोट."

मी अंगठी काढतो आहे तोच बहीण म्हणाली, "दादा, मध नको. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे."

"आमच्या चारही मुलांना आम्ही मध चाटवला," माई म्हणाल्या. "काय झाले त्यांना?"

काही झाले नाही हे खरेच. पण त्यामुळे डॉक्टरांचे म्हणणे खोटे ठरत नाही. मधात कधीकधी एका जंतूचे सुप्त बीज असते. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजू शकते आणि त्याचे विष अंगात भिनते. मग बाळाला शौचाला होत नाही, रडणे क्षीण होते, मान आणि हातपाय लुळे पडतात आणि श्वासही थांबू शकतो. असे क्वचितच घडते; पण घरच्या चुलीवरच्या उष्णतेने ते बीज मरत नाही. म्हणून मध घातलेले बिस्किट किंवा खीरही वर्ष होईपर्यंत टाळावी. शेवटी मी अंगठी नुसत्या मऊ भाताला लावली आणि मुहूर्त साधला.

खरी काळजी पुढेच होती. महिन्याने बहिणीचा फोन आला. बाळाचे वजन उष्टावणाच्या दिवशी 7 किलो 200 ग्रॅम होते आणि महिन्यानंतरही तेवढेच होते. ह्या वयात महिन्याकाठी साधारण तीनचारशे ग्रॅम तरी वाढायला हवेत. घरात कशाची वाण नव्हती. माई दिवसातून तीनदा वरणाचे वरवरचे पाणी आणि भाताची पेज प्रेमाने भरवीत होत्या. आईचे दूधही चालू होते. पण पोट पेजेने भरल्यामुळे बाळ ते कमी पिऊ लागले होते.

डॉक्टरांनी माईंना त्यांचीच वाटी आणायला सांगितली. त्यातली पेज चमच्यात घेऊन चमचा तिरपा केला. पेज पाण्यासारखी ओघळून गेली. "आजी," ते म्हणाले, "ह्याचे पोट एवढेसे. ते पाण्याने भरले तर अन्नाला जागा कुठे? चमचा तिरपा केला तरी जे चटकन ओघळत नाही, ते ह्याचे अन्न."

पहिल्या अन्नाची निम्मी विद्या ह्या एका परीक्षेत आहे. डाळीचे सत्त्व डाळीत असते, वरच्या पाण्यात नव्हे. साबुदाण्याची आणि आरारोटाची खीर दाट दिसते खरी, पण तिच्यात पिठुळपणाखेरीज फारसे काही नसते.

ह्याच सुमारास एका नातेवाईकांनी बाळासाठी तयार खिमटीचा डबा आणून दिला. तो कोणत्या कंपनीचा, ह्याला येथे महत्त्व नाही. मी पडलो मराठीचा मास्तर. शब्द वाचणे हाच माझा धंदा. डब्याच्या पुढच्या बाजूला फळांची चित्रे आणि पौष्टिकपणाची ग्वाही होती. मी डबा फिरवला. मागे घटकांची यादी असते आणि ज्याचे वजन अधिक ते आधी, असा तिचा क्रम असतो. ह्या यादीत पहिले गव्हाचे पीठ, दुसरी दुधाची भुकटी आणि तिसरी साखर होती. फळांची भुकटी पार तळाशी होती.

खालच्या कोष्टकात 100 ग्रॅममध्ये घातलेली साखर 12 ग्रॅम असे लिहिले होते. एका वेळेला 50 ग्रॅम भुकटी घ्यायला सांगितली होती, म्हणजे 6 ग्रॅम साखर. चहाच्या चमच्यात साधारण चार ते पाच ग्रॅम साखर मावते. म्हणजे एका वाटीत सव्वा ते दीड चमचा आणि दोन वेळच्या वाट्यांत अडीच ते तीन चमचे! सात किलोच्या जिवाला एवढी गोडी एकदा लागली की साधा वरणभात तो थुंकून टाकतो. शिवाय दात येण्याचे दिवस असतात ते वेगळेच. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोष्टकातल्या 'एकूण साखर' ह्या आकड्यात दुधातली स्वाभाविक साखरही धरलेली असते. आपण पाहायची ती 'घातलेली साखर'. ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, गूळ आणि मध ही तिचीच दुसरी नावे समजावी.

2024च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधील 'पब्लिक आय' ह्या संस्थेने नेस्ले कंपनीचे शिशुआहार देशोदेशी तपासून दाखवले. भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळजवळ 3 ग्रॅम घातलेली साखर आढळली. युरोपातल्या तशाच मालात ती नव्हती. त्यानंतर कंपनीने येथेही साखर न घातलेले प्रकार बाजारात आणल्याचे जाहीर केले. मुद्दा एका कंपनीचा नाही. आपल्याकडच्या नियमांत शिशुआहारात साखर घालण्याला सरसकट बंदी नाही, म्हणून मागची बाजू वाचण्याचे काम आपल्यावर येते. 1992च्या कायद्याने मात्र शिशुआहाराच्या डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापण्यास मनाई केली आहे. तसे चित्र दिसले तर डबा दुकानातच ठेवावा.

मग डबा सर्वस्वी वाईट का? नाही. त्यात लोह घातलेले असते आणि त्याची गरज खरी आहे. जन्माच्या वेळी बाळाने आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधातून फारच थोडे लोह मिळते. नाचणीत चुना भरपूर, पण लोह लोक समजतात तेवढे नाही. म्हणून घरचे अन्न देणाऱ्यांनी शिजवलेले अंडे किंवा मऊ वाटलेला खिमा द्यावा. शाकाहारी घरात डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळावे, म्हणजे डाळीतले लोह अंगी लागण्यास मदत होते. शिवाय सरकारी योजनेत सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध देतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे. प्रवासासाठी डबा घ्यायचाच, तर साखर न घातलेला आणि लोह असलेला घ्यावा.

बहिणीच्या घरी मग काय ठरले, तेही सांगतो. तीन वाट्या तांदूळ आणि एक वाटी मुगाची डाळ धुऊन वाळवायची, मंद भाजायची आणि दळून ठेवायची. दोन मोठे चमचे पीठ वाटीभर पाण्यात गुठळी न होऊ देता कालवून आठदहा मिनिटे शिजवायचे आणि वर अर्धा चमचा तूप सोडायचे. मीठ नाही, साखर नाही. दुसऱ्या वेळेला नाचणी. माई तिचे सत्त्व फडक्यातून गाळून काढीत, त्यात सालाबरोबर बराच कस चोथ्यात जाई. आता त्या नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून ती दळतात आणि पीठ नुसते चाळून घेतात. मोडाच्या पिठाची लापशी पातळ राहते, त्यामुळे तेवढ्याच वाटीत अधिक पीठ मावते. सुरुवात दोनतीन चमच्यांनी, मग वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत. नवा पदार्थ एका वेळी एकच. आईचे दूध पहिल्यासारखेच चालू.

दुधात बुडवलेली बिस्किटे, चॉकलेटी शक्तिवर्धक भुकट्या, बाटलीतले फळांचे रस आणि चहाचा 'एकच घोट' ह्यांना त्या घरात आता मज्जाव आहे.

पुढच्या महिन्यात वजन 7 किलो 600 भरले. मी गेलो तेव्हा माई भरवायला बसल्या होत्या. मला पाहताच त्यांनी चमचा तिरपा करून दाखवला. खिमट जागचे हलले नाही.

"बघा मामा," त्या म्हणाल्या, "आहे का पाणी?"