तूरडाळ इंग्रजीत लिहिताना

मुलगी अमेरिकेत शिकायला गेली, की महिन्याभरात तिचा निरोप येतो: किराण्याची यादी इंग्रजीत पाठव. घरातलं कुणीतरी शब्दकोश उघडतं. तूर म्हणजे पिजन पी, मूग म्हणजे मंग बीन, बाजरी म्हणजे मिलेट. यादी तयार होते आणि घोटाळाही तिथेच होतो. शब्दकोश धान्याचं नाव सांगतो, पण ते धान्य कुठल्या रूपात हवं आहे हे सांगत नाही. ‘डाळ’ म्हटलं की दाणा भरडलेला आणि बहुतेक वेळा साल काढलेली, हे आपल्याला वेगळं सांगावं लागत नाही. इंग्रजीत मात्र ते लिहावं लागतं.

तुरीचंच बघा. ‘पिजन पीज’ एवढंच लिहून अमेरिकेतल्या साध्या सुपरमार्केटात गेलं, तर हाती बहुधा हिरव्या, अख्ख्या तुरीच्या दाण्यांचा डबा येतो. पोर्तो रिकोची माणसं त्यांना गांडुलेस म्हणतात आणि भातात घालतात. जमैकात त्याच दाण्यांना गुंगो पीज म्हणतात. दाणे तुरीचेच, त्यांची उसळही छान होईल, पण वरण होणार नाही. म्हणून यादीत ‘स्प्लिट पिजन पीज, स्किन्ड’ असं पूर्ण लिहावं आणि शेजारी रोमन लिपीत ‘तूर डाळ’ हेही लिहावं. भारतीय दुकानात त्या पुडीवर ‘ऑइली’ लिहिलेलं दिसलं, तर डाळीला टिकण्यासाठी तेल लावलेलं आहे असं समजायचं. ती कोमट पाण्यात चोळून दोन-तीनदा धुवावी लागते.

आपल्याकडच्या सरकारी कागदांत तुरीला रेड ग्रॅम, मुगाला ग्रीन ग्रॅम, उडदाला ब्लॅक ग्रॅम आणि हरभऱ्याला बेंगाल ग्रॅम म्हणतात. हा ‘ग्रॅम’ धान्याच्या दाण्यासाठी असलेल्या पोर्तुगीज शब्दावरून आला. ही नावं चुकीची नाहीत, पण परदेशातल्या साध्या दुकानदाराला ‘रेड ग्रॅम’ विचारलं तर तो गोंधळेल, आणि ‘रेड’ ऐकून त्याने काही दिलंच तर ती रेड लेंटिल, म्हणजे मसूरडाळ असेल. भारतीय दुकानात अडचण वेगळी आहे. तिथल्या पुड्यांवर बहुतेक हिंदी नावं असतात. त्यामुळे हरभऱ्याची डाळ ‘चना’खाली, उडीद ‘उरद’खाली आणि मटकी ‘मोठ’ म्हणून शोधावी लागते.

सर्वांत जास्त फसवते ती हरभऱ्याची डाळ. सुपरमार्केटात ‘यलो स्प्लिट पीज’ सहज मिळतात आणि त्या हुबेहूब तिच्यासारख्या दिसतात. ती वाटाण्याची डाळ. हातावर घेऊन पाहिलं तर फरक कळतो: वाटाण्याची डाळ गुळगुळीत आणि जरा फिकट असते, तर हरभऱ्याची थोडी खडबडीत आणि गडद पिवळी. शिजवल्यावर तर शंकाच उरत नाही. हरभऱ्याची डाळ मऊ झाली तरी अख्खी राहते, वाटाण्याची विरघळून तिचा लगदा होतो. तिचं पुरण सैल पडतं आणि वेलदोडा घालूनही वाटाण्याचा वास जात नाही. होळीच्या आदल्या रात्री हे कळून काय उपयोग? यादीत ‘चना डाळ’ लिहून पुढे ‘स्प्लिट पीज नकोत’ असं सरळ लिहून टाकावं.

मुगाला रंगच सांभाळून घेतो. मंग बीन म्हणजे अख्खे हिरवे मूग; ते चिनी दुकानांतही मिळतात, कारण त्यांचे मोड तिथल्या स्वयंपाकात लागतात. खिचडीसाठी ‘स्प्लिट मंग’ लिहायचं आणि पुढे पिवळी हवी की सालीची हे सांगायचं. शास्त्रीय नावाचा आधार घेणाऱ्याने मात्र जपून राहावं: विग्ना मुंगो हे उडदाचं नाव आहे. मूग म्हणजे विग्ना रेडिएटा.

बाजरीला नुसतं ‘मिलेट’ लिहिणं सर्वांत महागात पडतं, कारण मिलेट हे साऱ्या बारीक भरडधान्यांचं सामाईक नाव आहे. पाश्चात्त्य दुकानात त्या नावाने बहुधा प्रोसो मिलेट, म्हणजे वरई मिळते. सोललेले, गोल, फिकट पिवळे दाणे. त्याच्या पिठाला बाजरीचा राखाडी रंग नसतो आणि भाकरीला ती खमंग चवही येत नाही. बाजरीसाठी ‘पर्ल मिलेट’, नाचणीसाठी ‘फिंगर मिलेट’, ज्वारीसाठी ‘सोरघम’ असं नेमकं लिहावं. बाजरीचं पीठ घेताना नावाइतकीच पुडीवरची तारीखही पाहायची. बाजरीत स्निग्धांश बराच असल्याने तिचं पीठ लवकर कडवट होतं. घरी दळायची सोय असेल तर यादीत पिठाऐवजी अख्खा दाणाच मागवावा. नसेल तर लहान पुडी घ्यावी, फोडल्यावर चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून पाहावं आणि उरलेलं फ्रीझरमध्ये ठेवावं.