यंत्रणा बंद पडते तेव्हा (भाग 5) : 'कोणी' खोडून 'कशामुळे'

मागच्या भागात घटनाक्रम कसा मांडायचा ते पाहिलं. आता त्यावरून निघणारा निष्कर्ष. उदाहरण नाशिकचंच, आणि मन घट्ट करून वाचावं असं.

21 एप्रिल 2021. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टँकरमधून टाकीत द्रव ऑक्सिजन भरताना गळती सुरू झाली. पांढऱ्या वाफेचे लोट उठले, वॉर्डांतल्या ऑक्सिजनचा दाब घसरला आणि त्याच दिवशी 22 रुग्ण दगावले.

अशा घटनेवरचा अहवाल बहुतेकदा एका वाक्यावर येऊन थांबतो. नमुना माझाच: 'टाकी भरणाऱ्या तंत्रज्ञाने निष्काळजीपणा केल्याने गळती होऊन पुरवठा खंडित झाला.' यात नाव नाही, म्हणून ते दोषमुक्त वाटतं. पण हुद्दा लिहिला काय नि नाव लिहिलं काय, बोट एकाच माणसाकडे. पारख सोपी आहे: त्या जागी दुसरा अनुभवी माणूस उभा केला असता, तर गळतीनंतरचं सगळं टळलं असतं का? 'नाही' किंवा 'सांगता येत नाही' असं उत्तर आलं, तर ते वाक्य कारण सांगत नाही.

मग वाक्य फोडायचं. गळती ही एक घटना, रुग्णांपर्यंतचा दाब पडणं ही दुसरी. पहिलीसाठी विचारायचं: जोडणीची तपासणी कधी ठरलेली होती, बंद करायचा व्हॉल्व्ह वाफेत शिरल्याशिवाय हाती लागत होता का? दुसरीसाठी: टाकीचा दाब पडताच जम्बो सिलिंडरांची रांग आपोआप जोडली जाते, की कोणी धावत जाऊन जोडायची? दाबाचा भोंगा वॉर्डात वाजतो का? रुग्णालयाच्या वाहिनीत दाब साधारण 4 बार असतो. तो पाचव्या हिश्श्याने घटला तरी परिचारिकेला कळायला हवं.

नवं वाक्य, उत्तरं हाती आल्यावर, असं होईल: 'भरण्याच्या जोडणीत गळती झाली, ती बंद करताना पुरवठाही थांबला, कारण पर्यायी साठा हाताने जोडावा लागत होता.' आता दुरुस्ती कुठे करायची ते दिसतं. 'यापुढे दक्षता घ्यावी' ही शिफारस मात्र सरळ खोडावी. दक्षता घेतली की नाही, हे कोण कसं मोजणार?

संगणक क्षेत्रात ही पद्धत तेव्हा एट्सी या कंपनीत असलेल्या जॉन ऑलस्पॉ यांच्या 2012 मधल्या लेखामुळे रुजली. तिथे सर्व्हर पडतो, इथे माणसं गेली. म्हणून एक मर्यादा ठेवावीच लागते. फौजदारी तपास 'कोणी' हे विचारणारच, तो त्याचा हक्क. पण दोन्ही चौकशा एकाच टेबलावर झाल्या, तर तंत्रज्ञ वकिलाला विचारूनच तोंड उघडेल आणि व्हॉल्व्हपर्यंत पोचता का आलं नाही, हे कागदावर येणारच नाही. समित्या वेगळ्या हव्यात, आणि आपला जबाब कुठल्या फायलीत जाणार, हे त्याला आधीच सांगितलेलं हवं.

शिफारशींचा नमुना: 'टाकीचा व्हॉल्व्ह मुद्दाम बंद करून पर्यायी साठा किती सेकंदांत जोडला जातो ते दर तीन महिन्यांनी मोजावं, चाचणीआधी प्रत्येक रुग्णाजवळ वेगळा सिलिंडर ठेवावा.' पुढच्या भागात: ही चाचणी कोणी घ्यायची.