बेक्ड योगर्ट : मध्यभाग थरथरतोय तोवरच बाहेर काढा

दह्याचा चक्का, कंडेन्स्ड मिल्क आणि साय किंवा फ्रेश क्रीम एवढ्यावर बेक्ड योगर्ट होतं. अंडं नाही, जिलेटिन नाही. पण केक करणाऱ्यांची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. सुरी खुपसून ती कोरडी निघेपर्यंत थांबलात, तर दही हमखास रवाळ होतं आणि कडेने पाणी सुटतं.

याचं कारण दह्यातच आहे. दही लागतं तेव्हा आंबटपणामुळे दुधातली प्रथिनं एकमेकांना धरून एक नाजूक जाळी तयार करतात आणि पाणी त्या जाळीत अडकून राहतं. मंद आचेवर ही जाळी आणखी घट्ट होते, म्हणूनच मिश्रण सेट होतं. आच वाढली, की ती आवळते आणि पिळल्यासारखं पाणी बाहेर टाकते. बेसन न लावता ताक उकळलं की कढी फुटते, तोच हा प्रकार. कंडेन्स्ड मिल्कमधली साखर आणि क्रीममधली चरबी जाळी आवळण्याचा वेग कमी करतात, पण पूर्ण थांबवत नाहीत. म्हणून आच आवरण्याचं काम पाण्यावर सोपवायचं.

सहा लहान वाट्यांसाठी २५० ग्रॅम चक्का, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि २०० मिलिलिटर क्रीम घ्या. चक्क्यासाठी ताजं, आंबट न झालेलं दही फडक्यात बांधून फ्रिजमध्येच टांगा. बाहेर टांगलेलं दही उन्हाळ्यात आंबतं. चक्का आधी चाळणीतून घासून घ्या, मग बाकीचं घालून चमच्याने हलक्या हाताने एकजीव करा. बीटर किंवा मिक्सर नको. त्याने हवा शिरते आणि तयार पदार्थात बुडबुड्यांची भोकं राहतात. वेलची किंवा केशर याच वेळी घाला.

ओव्हन १५० अंशांवर तापवून ठेवा. पंख्याचा ओव्हन असेल तर १४० पुरे. खोलगट ट्रेच्या तळाशी जाड फडकं अंथरा, म्हणजे वाट्यांच्या बुडाला ट्रेचा चटका थेट बसत नाही आणि वाट्या घसरतही नाहीत. मिश्रण ओतून प्रत्येक वाटीवर फॉइल लावा. ट्रे ओव्हनच्या जाळीवर ठेवल्यावरच त्यात कडेने गरम पाणी ओता. ते वाट्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत यायला हवं. गार पाणी ओतलं तर ते तापण्यातच बराच वेळ जातो आणि घड्याळाचा अंदाज चुकतो.

पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, हे आपण जाणतो. उघड्या ट्रेतलं पाणी तर सतत वाफ होऊन उष्णता बाहेर नेतं, त्यामुळे ते उकळीच्याही खालीच राहतं. ओव्हनची हवा १५० अंश असली, तरी वाटीच्या कडांना त्याहून कितीतरी सौम्य ऊब लागते. कडा आणि मध्यभाग यांच्यातलं अंतर त्यामुळे कमी होतं. ट्रेमधलं पाणी खदखदताना दिसलं तर आच जास्त आहे, लगेच १० अंशांनी कमी करा.

विसाव्या मिनिटाला पहिली तपासणी. फॉइल उचला आणि चिमट्याने वाटीला कडेवर हलकीच टिचकी मारा. सगळं मिश्रण डुचमळलं, वर लाटा उमटल्या, तर ते अजून कच्चं आहे. झाकून पाच मिनिटं द्या. कडेचा बोटभर भाग स्थिर आणि मधला रुपयाएवढा भाग एकसंधपणे थरथरतोय, असं दिसलं की ओव्हन बंद करा. साधारण २५ ते ३० मिनिटांत ही अवस्था येते, पण वाटी जाड किंवा खोल असेल तर वेळ वाढतो. वरचा भाग फुगला, कडेला बारीक छिद्रं दिसली किंवा पिवळसर पाणी जमलं, तर वेळ टळून गेलेली असते.

थरथरणारा मध्यभाग कच्चा वाटला तरी त्याला अजून आच नको. वाटीत आणि मिश्रणात साठलेली उष्णता बाहेर आल्यावरही काम करत राहते. म्हणूनच वाट्या लगेच पाण्यातून काढायच्या. ट्रेमध्येच ठेवल्या तर भाजणं सुरूच राहतं. बाहेर निवल्यावर झाकून निदान चार तास फ्रिजमध्ये ठेवा. गारव्याने क्रीममधली चरबी घट्ट होते आणि पदार्थाला चमच्याने कापता येईल असा बांधा येतो.

ओव्हनचा भरवसा नसेल तर चमचाभर कॉर्नफ्लोअर मिसळा. त्याने फुटण्याचा धोका कमी होतो, मात्र तोंडात विरघळणारा मऊपणा थोडा जातो. आणि दोन वाट्यांपैकी कुठली चूक परवडेल असा प्रश्न पडला, तर लवकर काढण्याची चूक पत्करा. सैल राहिलेलं योगर्ट आंब्याच्या फोडींवर ओतून खाता येतं. आवळलेली जाळी पुन्हा सैल करता येत नाही.